एम. ए. (मराठी) प्रवेशासाठीचे उद्देशपत्र : प्रस्तावित संशोधनविषय

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधिकेसाठी मी ‘क्रिस्तपुराणाच्या दोन पाठांतील धर्मविषयक परिभाषा’ हा विषय निवडला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या या ग्रंथाची चर्चा बहुधा मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांपाशी थांबते. त्या सुंदर आहेतच. पण कवीची खरी कसोटी पुढे लागते, कारण मराठीत ज्यांना नावच नव्हते अशा कल्पना तिथे ओवीत बसवायच्या होत्या. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ स्वीकारणारा हा ग्रंथ इतरत्र पोर्तुगीज शब्द तसाच ठेवतो. ही निवड कोणत्या तत्त्वाने होते, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न पाठांचा आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या हाती आहे ती साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला छापलेली रोमन लिपीतील संहिता आणि लंडनमधील मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित. रोमन पाठात पोर्तुगीज शब्द आहेत, तिथे देवनागरी पाठात अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द येतात. हा बदल स्टीफन्स यांचा की नकलकाराचा, हे केवळ शब्दांवरून ठरवता येणार नाही. म्हणून कवीच्या हेतूविषयी निष्कर्ष न काढता दोन्ही पाठ कोणता वाचक गृहीत धरतात, एवढेच मी तपासणार आहे.

पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू, म्हणजे अध्याय, मिळून जवळपास ११,००० ओव्या होतात. प्रबंधिकेत एवढा पल्ला झेपणारा नाही. सृष्टीची उत्पत्ती, येशूचा बाप्तिस्मा, शेवटचे भोजन आणि क्रुसावरील मृत्यू या चार प्रसंगांतल्या सुमारे १,००० ओव्या मी घेईन. प्रत्येक शब्दाची नोंद ओवी क्रमांकासह चार गटांत होईल : पोर्तुगीज किंवा लॅटिन, मराठी भक्तिपरंपरेतला, नव्याने घडवलेला, आणि कोकणी. चौथा गट वेगळा ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. नाहीतर कोकणी रूपे ‘जुनी मराठी’ म्हणून मोजली जातात आणि सगळी गणती बिघडते. रोमन पाठात त–ट, द–ड यांचा घोळ होऊ शकतो, त्यामुळे देवनागरी लिप्यंतर फक्त वाचनासाठी वापरून गणती मूळ रोमन पाठावरूनच करीन.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. हस्तलिखितांच्या नकलांचा विचार करताना ही पार्श्वभूमी लागेल, पण ती एका प्रकरणापुरतीच राहील. पहिल्या सत्रात पोर्तुगीजचा प्राथमिक अभ्यास आणि शेवटच्या भोजनाच्या प्रसंगाची चाचणी-नोंद पूर्ण करण्याचे ठरवले आहे. मार्सडेन हस्तलिखिताच्या प्रतिमा वेळेत न मिळाल्यास दोन पाठांची तुलना वगळून रोमन पाठातल्या परिभाषेपुरताच विषय मर्यादित करीन.