सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट : संशोधन लेखाचे समीक्षण

कोल्हापुरातल्या आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये डब्ल्यूएचओची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट सक्तीची करावी का, या प्रश्नासाठी २००९चा न्यू इंग्लंड जर्नलमधला लेख तपासला.

नमुना : चेकलिस्टपूर्वी ३,७३३ आणि नंतर ३,९५५ रुग्ण, १६ वर्षे किंवा त्याहून मोठे, ओळीने घेतलेले. त्यामुळे सोयीचे रुग्ण निवडायला फारसा वाव राहिला नाही. आठ रुग्णालये मात्र यादृच्छिक निवडलेली नाहीत.

पूर्वग्रह : खरी अडचण इथे आहे. नियंत्रण गट नाही, त्यामुळे त्याच काळात झालेली इतर सुधारणाही चेकलिस्टच्या खात्यात जमा होते. नोंद घेणाऱ्यांना टप्पा कोणता हे माहीत होते. पाठपुरावा डिस्चार्जपर्यंत, जास्तीत जास्त ३० दिवस. घरी गेल्यावर आठव्या दिवशी पिकलेली जखम मोजलीच जात नाही. दुसऱ्या टप्प्यात डिस्चार्ज लवकर मिळाला असेल, तर गुंतागुंत आपोआप कमी दिसेल.

वैधता : गुंतागुंत ११ वरून ७ टक्के, मृत्यू १.५ वरून ०.८ टक्के. अंतर्गत वैधता मध्यम. नवी दिल्ली आणि टांझानियातील इफाकारा समाविष्ट असल्याने बाह्य वैधता बरी.

शिफारस : चेकलिस्ट सुरू करावी, प्रत्येक रुग्णाला ३०व्या दिवशी फोन करून जखमेची नोंद घ्यावी.