सूक्ष्मजीवशास्त्र विद्यापीठ परीक्षा : चार आठवड्यांचे अभ्यास नियोजन (२ ते २९ मार्च)

कॉलेज रोडवरच्या एकाच खोलीत राहून टी.वाय.बी.एस्सी.ची परीक्षा देणाऱ्या तुम्हा तिघींसाठी हे नियोजन आहे. बॅक्टेरिऑलॉजीचा पेपर ३० मार्चला, व्हायरॉलॉजीचा १ एप्रिलला आणि इम्युनॉलॉजीचा ४ एप्रिलला आहे. इम्युनॉलॉजीचा पेपर शेवटी असल्यामुळे तिचा अभ्यासही शेवटी ठेवण्याचा मोह होतो. मी तेच केले होते, आणि कॉम्प्लिमेंटच्या प्रश्नात सी१ नंतर सी२ लिहून पुढचा सगळा क्रम चुकवून बसले होते. म्हणून पहिल्या दिवसापासून सकाळी सहा ते साडेसात ही वेळ फक्त इम्युनॉलॉजीची राहील. उरलेला दिवस त्या आठवड्याच्या विषयाला द्यावा.

पहिला आठवडा (२ ते ८ मार्च) : बॅक्टेरिऑलॉजी. पेशीभित्तिका, ग्रॅम रंजन, वाढीचा आलेख आणि निर्जंतुकीकरण हे भाग तुम्हाला बऱ्यापैकी येतात, त्यामुळे ते दोन दिवसांत उरकावेत. मात्र ग्रॅम रंजनात अल्कोहोलने रंग काढण्याची पायरी लांबली, तर ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूही गुलाबी दिसतात, हे कारणासकट लिहिता आले पाहिजे. उरलेले दिवस रोगकारक जीवाणूंसाठी आहेत. प्रत्येक जीवाणूचे एक पान करावे आणि त्यावर आकार, माध्यम, जैवरासायनिक चाचण्या, रोग व निदान एवढेच असावे. स्टॅफिलोकॉकस कॅटलेज पॉझिटिव्ह, स्ट्रेप्टोकॉकस निगेटिव्ह, ई. कोलाय मॅकॉन्कीवर गुलाबी, साल्मोनेला व शिगेला बहुधा रंगहीन. व्हिब्रिओ कॉलेरी टीसीबीएसवर पिवळा, अशी जोडीने तुलना करत गेल्यास पाठांतराचा भार कमी होतो. ८ मार्चला रंगपंचमी आहे. रहाडीत उडी मारायला जायचे असेल तर खुशाल जा, कारण त्या दिवशी सकाळच्या दीड तासाखेरीज काहीही ठेवलेले नाही.

दुसरा आठवडा (९ ते १५ मार्च) : बुधवारपर्यंत बॅक्टेरिऑलॉजी संपवावी. टायफॉइडचे निदान हा मोठ्या उत्तराचा विषय आहे. पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर उपयोगी आणि विडाल चाचणी साधारण दुसऱ्या आठवड्यापासून, असे का, हे अँटिबॉडी तयार व्हायला लागणाऱ्या वेळेशी जोडून लिहावे. सकाळच्या इम्युनॉलॉजीचा उपयोग इथे लगेच दिसेल. क्षयरोगासाठी झील-नील्सन रंजन आणि एलजे माध्यम एका संध्याकाळी होते.

गुरुवारपासून व्हायरॉलॉजी. बाल्टिमोर वर्गीकरणाचे सात गट प्रत्येकी एका विषाणूसह लिहून भिंतीवर लावावेत. एलिस आणि डेलब्रुक यांच्या १९३९ च्या एकचरणी वाढीच्या प्रयोगाचा आलेख रोज एकदा काढावा. इक्लिप्स आणि लेटंट हे कालखंड एकच समजले जातात. इक्लिप्समध्ये पेशीच्या आतही पूर्ण विषाणू नसतो, तर लेटंट काळ पेशी फुटेपर्यंत चालतो. प्लाक असेचे गणित सोडू नये : १०⁻⁶ विरलनाच्या ०.१ मिलीमधून ६० प्लाक मिळाले, तर मूळ नमुन्यात प्रति मिली ६ × १०⁸ प्लाककारक विषाणू असतात. आकारमानाने भागायचे राहून गेले की उत्तर दहापटीने चुकते.

तिसरा आठवडा (१६ ते २२ मार्च) : पहिले तीन दिवस इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि रेबीज. इन्फ्लुएन्झा ए च्या जनुकसंचाचे आठ तुकडे असल्यामुळेच अँटिजेनिक शिफ्ट कसा घडतो, हे नीट समजले तर ड्रिफ्टशी गल्लत होणार नाही. १९ मार्चला पाडवा आहे. दुपारपर्यंत सुट्टी घ्यावी. त्यानंतर इम्युनॉलॉजी पूर्णवेळ. अँटिबॉडीचे पाच वर्ग, एमएचसी, अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार आणि एलायझा या क्रमाने जावे. एमएचसी एकशी सीडी८ आणि दोनशी सीडी४ जोडले जाते. दोन्हीकडे गुणाकार आठच येतो, एवढी खूण पुरे. कॉम्प्लिमेंटच्या क्लासिकल मार्गाचा क्रम सी१, सी४, सी२, सी३ असा आहे आणि तो न पाहता काढता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

चौथा आठवडा (२३ ते २९ मार्च) : नवीन काहीही वाचायचे नाही. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी अनुक्रमे तिन्ही विषयांची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि मधल्या दिवशी एकमेकींच्या वह्या तपासाव्यात. एकमेकींना मराठीत समजावून सांगणे उत्तम, परंतु पेपर इंग्रजीत आहे, तेव्हा लिहिण्याचा सराव इंग्रजीतच हवा. तपासताना आकृतीला नावे दिली आहेत का, हे आधी पाहावे. शनिवार-रविवार फक्त बॅक्टेरिऑलॉजीच्या पानांसाठी आहेत. पेपरांच्या मधल्या दिवसांत, म्हणजे ३१ मार्चला व्हायरॉलॉजीची आणि २ व ३ एप्रिलला इम्युनॉलॉजीची उजळणी करावी.