28 फेब्रुवारीची मोखाडा व्हिजिट, सगळे डिटेल्स

नमस्कार मॅडम,

काल फोनवर ठरलं तसं शनिवार 28 फेब्रुवारी फायनल करतोय. दिवाळीनंतर पाड्यातली बरीच घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, होळीला परत येतात, म्हणजे त्या सुमारास माणसं घरी भेटतील आणि झऱ्याचं पाणीही कमी व्हायला लागलेलं असेल. पावसाळ्यात आलात तर सगळं हिरवंगार दिसतं आणि प्रश्न काय आहे तेच कळत नाही.

ठाण्याहून सकाळी 6 ला निघा, प्लीज 6 म्हणजे 6. पडघा, शहापूर करत कसाऱ्यापर्यंत चहा धरून दोन तास लागतात. कसारा गाव सोडलं की हायवेवर जव्हार फाटा लागतो, तिथे डावीकडे वळायचं, मी बाइक घेऊन तिथेच उभा असेन. पुढे विहीगाव करून खोडाळा साधारण तासभर, वळणावळणाचा रस्ता आहे, कुणाला गाडी लागत असेल तर आधीच गोळी घ्या. डिझेल शहापूरला टाका. खोडाळ्यानंतर नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून घरच्यांना तिथूनच फोन करून घ्या. मॅप 'अडीच तास' दाखवेल, त्यावर जाऊ नका, पाड्यावर साडेनऊ धरा. मोठी गाडी शेवटच्या चढावर जात नाही, तिथून थोडं चालायचंय, चपला नकोत, बूट घाला.

पोचल्यावर आधी चहा नाही, आधी झरा बघू. तिथे पाणी समितीतल्या दोन ताई येतील, पूर्वी कुठून पाणी आणायच्या, आता सोलर पंपाने टाकीत कसं चढतं, पंप बंद पडला की वर्गणी कोण काढतं, हे त्याच सांगतील. मी मध्ये बोलणार नाही, तुमच्यापैकी पण कुणी त्यांचं वाक्य पूर्ण करू नका हं, सवय असते आपल्याला. मग अंगणवाडीत सेविकाताई आणि आशाताई, अर्धा तास, कारण आहार वाटायची वेळ असते आणि आपल्यामुळे पोरांचं जेवण थांबायला नको. सरपंच अकराला येतो म्हणालेत, आले तर उत्तम. जेवण बचतगटाकडे, नागलीची भाकरी, उडदाची डाळ, भात, त्याचे पैसे संस्था गटाला देते, तुम्ही वेगळे देऊ नका. जेवणानंतर ज्या घरांना अजून नळ नाही तिकडे जाऊ. हे मी मुद्दाम ठेवलंय, नुसतं झालेलं काम दाखवण्यात अर्थ नाही. आणि मिडल वैतरणा धरण याच तालुक्यात, पाणी मुंबईला जातं, हा विषय ताई काढतीलच, तयारीत या.

हार, नारळ, बॅनर काही नको असं गावाला सांगितलंय. मुलांना चॉकलेट वाटायची पण नाहीत, द्यायचंच असेल तर अंगणवाडीला काय लागतं ते सेविकाताईंना विचारून नंतर पाठवू.

आता फोटोचं, हे तुमच्या कम्युनिकेशन टीमला नक्की वाचून दाखवा. टाकी, पंप, झरा, डोंगर, कितीही काढा. माणसांचे फोटो आधी विचारून, आणि 18 वर्षांखालच्या मुलांचे आई किंवा वडिलांनी सही अंगठा दिल्यावरच, शिक्षक किंवा सेविकाताईंची परवानगी चालणार नाही. वजन करताना मुलांचे, पाणी भरताना ओल्या कपड्यातल्या बायकांचे, घराच्या आतले फोटो अजिबात नाहीत. कॅप्शनमध्ये मुलाचं नाव आणि पाड्याचं नाव एकत्र येता कामा नये. लाइव्ह नको. फॉर्ममधला मजकूर असा आहे, आम्ही आदल्या दिवशी घरोघरी वाचून दाखवू:

"माझा / माझ्या मुलाचा फोटो काढायला माझी हरकत नाही. हा फोटो संस्थेच्या आणि देणगीदार कंपनीच्या अहवालात, वेबसाइटवर आणि सोशल मीडियावर दिसू शकतो हे मला समजावून सांगितलंय. नाही म्हटलं तरी पाणी किंवा कुठलीही मदत बंद होणार नाही. नंतर मन बदललं तर संस्थेच्या कार्यकर्त्याला सांगून मी फोटो काढून टाकायला लावू शकतो / शकते."

अहवाल, वेबसाइट, सोशल मीडिया प्रत्येकासमोर हो-नाहीचा वेगळा रकाना आहे. ज्यांनी 'नाही' म्हटलंय त्यांची यादी माझ्याकडे असेल, मी खुणावलं की कॅमेरा खाली घ्यायचा, तिथे वाद नको. सगळे फोटो वापरण्याआधी आम्हाला पाठवा, दोन दिवसात बघून देतो.

टॉयलेट अंगणवाडीत आहे, पाणी बाटलीतलं स्वतःचं आणा पण रिकाम्या बाटल्या परत न्या. कुणाला काही झालंच तर खोडाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे.

दुपारी साडेतीनला निघायचंच, अंधारात तो रस्ता नको, आणि भिवंडी बायपासला शनिवारी संध्याकाळी अडकायला होतं, ठाण्याला पोचायला साडेसात-आठ होतील.

येणाऱ्यांची नावं, गाडी नंबर, कोण काय खात नाही आणि कॅमेरा कोणाकडे असणार हे बुधवारपर्यंत कळवा, पाचपेक्षा जास्त माणसं नकोत, अंगणवाडीची खोलीच तेवढी आहे.

फील्ड कोऑर्डिनेटर, पाणी प्रकल्प