पूर्वपक्षाचा परिच्छेद : दुसरा खर्डा

नमस्कार मॅडम,

हेल्मेटसक्ती हवी, असं मांडणाऱ्या माझ्या निबंधाच्या चौथ्या परिच्छेदाशेजारी तुम्ही “पूर्वपक्ष कुठाय?” एवढंच लिहिलंत. आधी मला रागच आला, कारण पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे विरोधकांची बाजू म्हणून, चांगल्या पाच ओळी खर्च केल्या होत्या. मग तो परिच्छेद आजोबांना वाचून दाखवला. ते सदाशिव पेठेत राहतात, चाळीस वर्षं स्कूटर चालवतात आणि हेल्मेटसक्तीचं नाव काढलं की भडकतात. ऐकून म्हणाले, “यातला माणूस कोण? मी तर नाही.”

जुना परिच्छेद असा होता :

“काही पुणेकर हेल्मेटला विरोध करतात. त्यांना घामाची आणि केस विस्कटण्याची चिंता असते. ज्यांना डोक्यापेक्षा भांग महत्त्वाचा वाटतो, त्यांना काय समजावणार? शिस्तीची सवय नसलेली माणसं प्रत्येक नियमाला विरोध करतातच. अशा हट्टी लोकांकडे लक्ष न देता सक्ती करावी.”

आता नवा :

“पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध करणारे अनेक जण हेल्मेटच्या विरोधात नाहीत, सक्तीच्या विरोधात आहेत. हायवेवर ते हेल्मेट घालतात. पण शनिपारावरून अप्पा बळवंत चौकात जाताना गर्दीत गाडी ताशी वीसच्या वर जातच नाही, आणि तुळशीबागेत चार दुकानं करायची तर पिशव्यांबरोबर हेल्मेटही वागवावं लागतं. धोका जेवढा, तेवढीच सक्ती असावी, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचा दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. खड्ड्यामुळे किंवा सांडलेल्या खडीवरून माणूस पडतो, तेव्हा रस्ता नीट न ठेवणाऱ्याला कोणी दंड करत नाही. पावती फाटते ती गाडीवाल्याची. जानेवारी 2019 मध्ये शहरात कारवाई कडक झाली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. सुरक्षेपेक्षा वसुलीच महत्त्वाची आहे, असा त्यांचा संशय होता. चौकाच्या आडोशाला उभं राहून गाड्या अडवल्या जात असतील, तर तो संशय अनाठायी म्हणता येत नाही.

“हा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. रस्ता दुरुस्त करण्याची जबाबदारी हेल्मेटमुळे कुणाच्या अंगावरून उतरत नाही. पण रस्ता दुरुस्त होईपर्यंत त्यावरून आपल्यालाच जायचं असतं, त्यामुळे दोन्ही मागण्या एकदम करायला हव्यात. पहिल्या मुद्द्यात मात्र एक हिशेब राहून गेला आहे. गाडी जागेवर उभी असली, तरी चालवणाऱ्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून खाली पडलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो. गाडी सावकाश चालवल्याने हा वेग कमी होत नाही, कारण तो उंचीमुळे येतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चेपतो, तेव्हा डोकं एकदम न थांबता किंचित सावकाश थांबतं आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. शिवाय पेठेतून निघालेली गाडी स्वारगेटवरून सातारा रस्त्याला लागते, तेव्हा मध्येच थांबून डिकीतलं हेल्मेट काढून घालणारा माणूस विरळाच. पिशव्या आणि हेल्मेट सांभाळण्याची अडचण खरी आहे. दुकानदारांनी आणि पार्किंगवाल्यांनी हेल्मेट ठेवायची सोय केली तर ती सुटेल. दंडाने ती सुटणार नाही.”

मॅडम, पहिल्या खर्ड्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 129 टाकायचा विचार होता. तो सोडला. सक्ती असावी का, हाच वाद आहे; तिथे ‘सक्ती कायद्यात आहे’ हे उत्तर म्हणजे विषय बंद करणं झालं. ‘भांग’ गेला याचं थोडं वाईट वाटतं, वर्गात त्यावर हशा पिकला असता. पण आजोबांना टक्कल आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

पूर्वपक्ष त्यांना तीनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा म्हणाले, “गर्दीचं बरोबर आहे, पण तुळशीबाग राहिली.” ती घातली. दुसऱ्यांदा ‘संशय अनाठायी म्हणता येत नाही’ हे वाक्य घालायला लावलं. आधी मी नुसतं ‘त्यांना संशय येतो’ असं लिहून मोकळी झाले होते. तिसऱ्यांदा म्हणाले, “हां, हे माझं.” त्यानंतर उत्तर वाचलं. दीड मीटरचा हिशेब त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर स्वतः करून पाहिला. एकोणीस पूर्णांक पाच आलं. “वीस कशाला लिहितेस?” म्हणाले. ‘सुमारे’ आहे, असं दाखवलं तेव्हा गप्प बसले. हेल्मेट अजून घेतलेलं नाही.

एक प्रश्न उरतो. शेवटच्या परिच्छेदात मी ‘कोणतीही सबब न ऐकता सक्ती करावी’ असं लिहिलंय. वर एक मुद्दा मान्य केल्यावर ते आता बसत नाही. तिथे ‘रस्त्याची दुरुस्ती आणि हेल्मेट, दोन्हीची सक्ती’ असं करू का? सोमवारी तासाच्या आधी पाच मिनिटं भेटते.

आपली,
सई