बारावी पूर्वपरीक्षा, गणित : 'रेषा आणि प्रतल' या प्रकरणावरील प्रश्नांची उत्तरे

सांगलीतील आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात मागील वर्षी झालेल्या पूर्वपरीक्षेतील या प्रकरणाचे पाचही प्रश्न येथे सोडवून दिले आहेत. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागांतून एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना संध्याकाळच्या शंकासमाधानाच्या तासाला थांबता येत नाही. त्यांना घरी एकट्याने वाचता यावे, म्हणून प्रत्येक पायरीमागील कारणही लिहिले आहे. आकडेमोड सुरू करण्यापूर्वी रेषेची दिशा कोणती आणि प्रतलाचा अभिलंब कोणता, हे दोन सदिश वहीत स्वतंत्र लिहावेत. या प्रकरणातील बहुतेक चुका तेथेच टळतात.

प्रश्न 1. A(2, −1, 3) आणि B(5, 1, 4) यांतून जाणाऱ्या रेषेवर C(8, 3, 5) हा बिंदू आहे का?

दिशा AB = (3, 2, 1) आणि AC = (6, 4, 2) = 2·AB, म्हणून C रेषेवर आहे.

प्रश्न 2. r = (1, 0, 2) + λ(2, −1, 2) ही रेषा आणि x − y = 3 हे प्रतल यांमधील कोन काढा.

b = (2, −1, 2), |b| = 3; n = (1, −1, 0), |n| = √2; b·n = 3.

sin θ = 3/(3√2) = 1/√2, म्हणून θ = 45°.

अदिश गुणाकारातून मिळतो तो रेषा आणि अभिलंब यांमधील कोन; रेषा आणि प्रतल यांमधील कोन हा त्याचा कोटिकोन असतो, म्हणून सूत्रात sin येतो. या उदाहरणात cos वापरला तरी उत्तर 45° च येते, त्यामुळे केवळ उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर आहे असे समजू नये. n = (2, 2, 1) घेऊन हेच गणित पुन्हा करावे: तेथे sin θ = 4/9 येतो आणि दोन रीतींतील फरक उघड होतो.

प्रश्न 3. P(4, 3, −1) मधून x + 2y − 2z = 3 या प्रतलावर टाकलेल्या लंबाचा लंबपाद आणि P चे प्रतिबिंब काढा.

लंबाची दिशा म्हणजेच अभिलंब, म्हणून लंबावरील कोणताही बिंदू (4 + t, 3 + 2t, −1 − 2t) असा असतो. तो प्रतलाच्या समीकरणात ठेवल्यास

12 + 9t = 3, म्हणून t = −1.

लंबपाद M(3, 1, 1). प्रतिबिंब P′ प्रतलाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर असल्याने t = −2 घ्यावा; P′(2, −1, 3). PP′ चा मध्यबिंदू M येतो, हा ताळा अवश्य लिहावा.

प्रश्न 4. पुढील रेषांमधील लघुतम अंतर आणि ते ज्या बिंदूंमध्ये असते ते बिंदू काढा.

L1: (x + 1)/2 = (2 − y)/1, z = 2
L2: x = 2, y − 1 = 6 − z

या प्रश्नाला सर्वाधिक गुण आहेत आणि त्याची खरी परीक्षा पहिल्याच ओळीत आहे. प्रमाणित रूपात अंशस्थानी y − 2 हवा, म्हणून (2 − y)/1 हे (y − 2)/(−1) असे लिहावे लागते; तसेच z = 2 याचा अर्थ z ची दिक् गुणोत्तर-संख्या शून्य आहे, ती नाहीच असा नव्हे. L2 साठीही हाच विचार करावा.

a1 = (−1, 2, 2), b1 = (2, −1, 0)
a2 = (2, 1, 6), b2 = (0, 1, −1)

b1 × b2 = (1, 2, 2), ज्याची लांबी 3 आहे.
a2 − a1 = (3, −1, 4).

लघुतम अंतर = |3 − 2 + 8|/3 = 3. हे शून्य नाही आणि b1, b2 समांतर नाहीत, म्हणून रेषा विषमतलीय आहेत.

सूत्राने केवळ अंतर मिळते, बिंदू मिळत नाहीत. त्यासाठी L1 वरील P(−1 + 2λ, 2 − λ, 2) आणि L2 वरील Q(2, 1 + μ, 6 − μ) घेऊन PQ दोन्ही रेषांना लंब आहे ही अट लावावी.

PQ = (3 − 2λ, −1 + λ + μ, 4 − μ)
PQ·b1 = 0 वरून 5λ + μ = 7
PQ·b2 = 0 वरून λ + 2μ = 5

म्हणून λ = 1, μ = 2; P(1, 1, 2), Q(2, 3, 4). PQ = (1, 2, 2), म्हणजे वर मिळालेला सदिश गुणाकारच, आणि त्याची लांबी 3 आहे. दोन्ही रेषांना एकच प्राचल वापरल्यास ही दोन समीकरणे मिळूच शकत नाहीत, म्हणून λ आणि μ वेगळे ठेवणे अनिवार्य आहे.

प्रश्न 5. L1 ला सामावणाऱ्या आणि L2 ला समांतर असणाऱ्या प्रतलाचे समीकरण काढा.

अभिलंब b1 आणि b2 या दोन्हींना लंब हवा. तो (1, 2, 2) आपल्याजवळ आहेच. (−1, 2, 2) या बिंदूवरून

x + 2y + 2z = 7.

L2 वरील (2, 1, 6) या बिंदूचे या प्रतलापासूनचे अंतर |16 − 7|/3 = 3 येते. चौथ्या प्रश्नातील अंतर हेच होते, कारण L2 वरील प्रत्येक बिंदू या प्रतलापासून सारख्याच अंतरावर आहे.