स्किनी गेली कुठे? सैल कोट आणि घेरदार पँटचा गेल्या दशकातला प्रवास

टेबलावर दोन पँट पसरून ठेवल्या आहेत, दोन्ही माझ्याच. एक २००९ची स्किनी जीन्स, दुसरी गेल्या वर्षी शिवून घेतलेली लोकरी पँट. दोन्हींची कंबर ३२ इंच. जीन्सच्या बॉटमचा घेर १२ इंच, लोकरीच्या पँटचा २२. जीन्सचं पुढचं आसन, म्हणजे दोन पायांच्या जोडापासून कंबरपट्ट्यापर्यंतचं माप, साडेआठ इंच, दुसरीचं १२. माणूस तोच, कंबरही तीच, तरी या दोन पँटचे आकडे जुळत नाहीत. मधल्या पंधरा वर्षांत काय घडलं ते या आकड्यांत दडलंय.

याचं सर्रास दिलं जाणारं उत्तर असं : लॉकडाऊनमध्ये लोकांना घरच्या सैल कपड्यांची सवय लागली आणि घट्ट कपडे मागे पडले. यात तथ्य आहे, पण २०२०ने आधीच सुटलेल्या गाडीचा फक्त वेग वाढवला. गाडी त्याच्या कितीतरी आधी निघाली होती, आणि पहिला धक्का दिला होता टेलरिंगने. जीन्स मागून आली.

स्किनीचा उगमही टेलरिंगमधलाच, हे आपण विसरतो. २००० साली डिझायनर एदी स्लिमान दिओर ओम या दिओरच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शाखेची सूत्रं हाती घेतो आणि पुरुषांचा सूट इतका अरुंद करतो, की तो घालता यावा म्हणून डिझायनर कार्ल लागरफेल्ड चाळीस किलोहून जास्त वजन उतरवतो. २००५च्या आसपास मॉडेल केट मॉस अरुंद जीन्समध्ये सतत दिसू लागते आणि ही रेघ रस्त्यावर उतरते. पण एवढ्या अरुंद पँटमध्ये सामान्य माणसाला बसता-उठता आलं ते कुणा डिझायनरमुळे नव्हे, इलॅस्टेनमुळे. १९५८ साली ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्सने शोधलेला हा धागा डेनिममध्ये एक-दोन टक्के मिसळला, की कापड अंगाबरोबर ताणतं. स्किनीचं पॅटर्न त्यामुळेच सोपं होतं. शरीराचा आकार कापून काढायची गरज उरली नव्हती. तो आकार शरीरच देत होतं आणि कापड निमूट ताणलं जात होतं.

माझ्या मते स्किनीचं खरं दुखणं इथेच होतं. ताण घेणारा धागा कालांतराने दमतो. गुडघ्यावर फुगा येतो, मांडीपाशी कापड विरतं, कंबर घसरते. शिवाय कपडा अंगावर ताणून बसवायचा म्हणजे मापाला चुकायला वाव नाही. ऑनलाइन खरेदी वाढत गेली तशी ही अडचण जास्त बोचू लागली, कारण फोटो बघून कुणाला मांडी मोजता येत नाही. सैल कपडा अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे सहज पोटात घालतो. कापड जास्त लागतं हे खरं, पण परत येणाऱ्या पार्सलांचा खर्चही काही थोडाथोडका नसतो.

आता सैलपणाचे धागे शोधू. ते बरेच जुने आहेत. १९७०च्या दशकात जॉर्जिओ अरमानीने कोटातलं अस्तर आणि भरण काढून तो मऊ केला. १९८१मध्ये पॅरिसमध्ये आलेल्या योहजी यामामोतो आणि रेई कावाकुबो या जपानी डिझायनरांनी तर कपडा आणि शरीर यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवली. स्किनीच्या भरातही ही धार आटली नाही. डिझायनर फिबी फायलो २००८मध्ये सेलीन या फॅशन घराकडे आली आणि पायांवरून मोकळेपणी पडणाऱ्या पँट बायकांच्या ऑफिसच्या कपाटात शिरल्या. पुरुषांची रेघ तेव्हा अजून आवळलेलीच होती, म्हणजे इथे बायका निदान पाच-सात वर्षं पुढे होत्या.

मग २०१४मध्ये व्हेतमाँ हा फॅशन ब्रँड सुरू झाला, आणि त्यामागचा डिझायनर डेम्ना ग्वासालिया २०१५मध्ये बालेन्सियागा या फॅशन घरात गेला. त्याच्या कोटांचे खांदे अंगापेक्षा इतके रुंद, की कोट मोठ्या भावाकडून उसना आणल्यासारखा वाटे. बरेच जण हसले, मीही. पण त्याच घराचा २०१७मधला ट्रिपल एस हा जाडजूड बूट आठवून पाहा. अशा बुटावर १२ इंचांचा घेर म्हणजे विटेवर रोवलेली काठी. माझं निरीक्षण असं, की बऱ्याच पुरुषांच्या बाबतीत आधी बूट जाड झाले आणि पँट त्यांच्यामागे फरपटत रुंद झाली. पँट रुंद झाल्यावर वरचा आखूड, चापूनचोपून बसलेला कोट केविलवाणा दिसू लागला, म्हणून मग कोटही वाढला.

बायकांच्या जीन्समध्ये हा बदल पायरीपायरीने झाला. आधी कंबर वर गेली, मग पाय सरळ झाला, घेर वाढला तो शेवटी. कंबर वर चढणं ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. स्किनी नितंबांवर अडकून उभी राहत असे. घेरदार पँट कंबरेवरून लोंबते, आणि तिथे तिला पकड मिळाली नाही तर सगळा घेर खाली कोसळतो.

फेब्रुवारी २०२१मध्ये टिकटॉकवर तरुण पोरांनी स्किनीला म्हातारं ठरवलं आणि तिशी-पस्तिशीतले लोक चिडले. त्याच वर्षी लिव्हायसचे प्रमुख चिप बर्ग यांनी सैल जीन्सचं नवं चक्र सुरू झाल्याचं सांगितलं. भांडण गमतीचं होतं. निर्णय मात्र आधीच झालेला होता.

ओव्हरसाइज म्हणजे दोन मापं मोठा कपडा, या समजुतीने बाजारात फार वाईट कोट आले आहेत. दोन मापं मोठा कोट घेतला तर कॉलर मानेपासून सुटते, बाह्या बोटांवर येतात आणि खिसे मांडीवर उतरतात. नीट कापलेल्या सैल कोटात खांद्याची शिवण इंच-दीड इंच खाली येते, छातीत भरपूर जागा सोडलेली असते, पण कॉलर मानेला चिकटूनच बसते आणि बाही मनगटाजवळ थांबते. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या घेराचा, निर्णय सगळ्यांत अवघड. तो खूप खोल नेला तर हात वर करताच अख्खा कोट वर चढतो. पँटचंही तसंच. पुढच्या प्लीट्स बसताना उघडायला हव्यात आणि उभं राहिल्यावर मिटायला हव्यात. शिवाय कापडाला वजन हवं. हलक्या, निर्जीव पॉलिएस्टरची २२ इंची पँट चालताना पायांना गुंडाळते. ताणणाऱ्या धाग्याने जे काम केलं होतं ते आता कापडाच्या फॉलला आणि कारागिराच्या कातरीला करावं लागतं.

स्किनी पूर्ण नाहीशी झाली असं मात्र म्हणवत नाही. स्लिमान २०१८ ते २०२४ सेलीनला होता आणि अरुंद रेघेवरचं त्याचं प्रेम तिथेही सुटलं नाही. ज्यांनी विशीत स्किनी घातली त्यांतले अनेक आजही तीच घालतात, आणि उंच बुटांत खोचायला अजून दुसरा सोपा पर्याय नाही. अरुंद पँट रॅम्पवर पुन्हा डोकावू लागली आहे, त्यामुळे तिच्या पुनरागमनाचे अंदाज आतापासूनच बांधले जात आहेत. माझा अंदाज विचाराल तर पाय अरुंद होतीलही, पण कंबर एवढ्यात खाली उतरणार नाही. उंच आसनात बसण्या-वाकण्याची जी सोय एकदा अंगवळणी पडली आहे, ती लोक सहजी सोडणार नाहीत. म्हणून नव्या अरुंद पँट बाजारात आल्या की मी बॉटमचा घेर नंतर बघेन. टेप आधी आसनाला लावेन, मग लेबलवर इलॅस्टेन किती टक्के आहे ते वाचेन.

टेबलावरची जीन्स मात्र आता घडी घालून ठेवतोय. गुडघ्यांचे फुगे इस्त्रीनेही बसत नाहीत.