जोडलेल्या नकाशातले क आणि ख बिंदू: शंका

सर, नमस्कार.

उद्याच्या प्रात्यक्षिकाआधी एक शंका विचारायची होती. सोबत नकाशा जोडला आहे, तो समोर ठेवूनच वाचा. लाल पेनने केलेल्या क आणि ख या दोन खुणा दिसतील.

क हा बिंदू 520 मीटरच्या समोच्च रेषेवर आहे आणि ख 640 वर. म्हणजे उंचीतला फरक 120 मीटर. दोघांमधलं सरळ अंतर पट्टीने 4.8 सेंटीमीटर भरतं. ते मी नकाशाखाली छापलेल्या प्रमाणाने प्रत्यक्ष अंतरात बदललं, त्याचे मीटर केले आणि उंचीतल्या फरकाला त्याने भागलं. तरी माझा उतार पुस्तकातल्या उत्तराच्या बरोबर निम्मा येतो. तीनदा करून पाहिलं, तेच. थोडाफार फरक असता तर मोजण्यातली चूक म्हटली असती, पण नेमका निम्मा कसा? पट्टी तुम्ही स्वतः एकदा लावून पाहाल का? आकडे नीट वाचता यावेत म्हणून मी झेरॉक्स मोठी करून घेतली होती, मोजमाप तिच्यावरच केलं आहे.

दुसरी शंका नदीची. निळी रेषा ओलांडताना समोच्च रेषा V सारख्या वळतात आणि V चं टोक डावीकडे, जास्त उंचीच्या रेषांकडे आहे. म्हणून ही सोंड नाही, दरीच आहे आणि पाणी डावीकडून उजवीकडे वाहतं, असं मी लिहिलं. पुस्तकात मात्र 'वायव्येकडून आग्नेयेकडे' आहे. उत्तरेचा बाण वरच्या कोपऱ्यात होता आणि तो कोपरा झेरॉक्समध्ये कापला गेला. मग माझी वरची बाजू उत्तर नसेलच का? खालच्या गावाच्या नावाची अक्षरं आडवी आहेत, त्यावरून दिशा ठरवता येते का?

सगळ्यात जास्त वाद तिसऱ्या प्रश्नावर झाला: क वरून ख दिसेल का? मैत्रीण म्हणते, ख उंचावर आहे म्हणजे दिसणारच. मला ते पटत नाही. क जवळ रेषा अगदी खेटून आहेत आणि ख कडे जाताना विरळ होत जातात. म्हणजे उतार खाली तीव्र आणि वर मंद, बहिर्वक्र. चढाचा फुगवटाच मध्ये नजर अडवेल. उलट रेषा खाली विरळ आणि वर दाट असत्या, तर दिसलं असतं. मी उभा छेदही काढून पाहिला, त्यात 600 च्या आसपास जमीन नजरेच्या रेषेच्या वर येते. पण छेदात उंचीचं प्रमाण मी बरंच वाढवून घेतलं होतं. त्यामुळे फुगवटा जास्त दिसत असेल, पण म्हणून दृश्यता बदलते का? मला वाटतं नाही, कारण नजरेची रेषाही त्याच प्रमाणात ताणली जाते.

त्या दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेला खिंड म्हटलं आहे, ते बरोबर आहे ना? ख च्या अगदी शेजारी आहे ती, नकाशात लगेच सापडेल.